एका प्रश्नाला एकच पान

माहितीपर ब्लॉग चालवणाऱ्या मराठी मंडळींमध्ये सध्या ‘टॉपिक क्लस्टर’चा बोलबाला आहे. कृती ठरलेली असते. एक भलेमोठे पिलर पेज लिहायचे, त्याच्याभोवती वीस-पंचवीस छोट्या पोस्ट लिहायच्या, सगळ्यांना एकमेकींच्या लिंका द्यायच्या आणि गूगलच्या पहिल्या पानाची वाट पाहायची. ज्याचा ब्लॉग आजच सुरू होतो आहे त्याला ही कृती चालून जाईल. पण चार-पाच वर्षे जुन्या, पन्नास-साठ पोस्टींच्या ब्लॉगाला ती तशीच लावली तर आधीच्या गोंधळात आणखी वीस पोस्टींची भर पडते. माझे म्हणणे असे की जुन्या ब्लॉगावर क्लस्टर उभा राहतो तो आधी पोस्टी कमी करून. नवे लिहिण्याची पाळी नंतर येते, आणि पिलर पेजची तर जवळजवळ शेवटी.

या पद्धतीमागचा पुरावा आधी तपासून घेऊ, कारण तो सांगितला जातो तितका भक्कम नाही. टॉपिक क्लस्टरचा गाजावाजा झाला तो हबस्पॉट या अमेरिकी कंपनीमुळे. तिथल्या अनम हुसेन आणि कॅम्ब्रिया डेव्हिस यांनी २०१६ मध्ये स्वतःच्या कंपनीच्या ब्लॉगावर प्रयोग केले. आतल्या लिंका जितक्या वाढवल्या तितकी शोधातली जागा सुधारलेली दिसली, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण ही कंपनी याच कामाचे सॉफ्टवेअर विकते, आणि प्रयोगही आधीच दबदबा असलेल्या मोठ्या साइटवरचा होता. शिवाय अशा फेररचनेत लिंका एकट्या वाढत नाहीत. मजकूर नव्याने लिहिला जातो, शीर्षके बदलतात, जुन्या पोस्ट काढल्या जातात, मग श्रेय नेमके कशाला द्यायचे हे वेगळे काढता येत नाही. लिंकांना वजन असते यात शंका नाही. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेली पेजरँकची कल्पनाच त्यावर उभी आहे. पण ब्लॉगाच्या आतल्या लिंका बाहेरून आलेले वजन फक्त वाटून देतात, नवे निर्माण करत नाहीत. आणि पानावर किती लिंका असाव्यात याचा जादुई आकडा नाही, हे गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेतच लिहिले आहे. तेव्हा ‘लिंका वाढवा, वर या’ एवढ्यावर विसंबून महिनाभराचे काम हाती घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. खरा फायदा दुसरीकडे आहे, आणि तो एखाद्या ब्लॉगात शिरल्याशिवाय दिसत नाही.

नमुन्यादाखल सातबाऱ्यावरचा एक ब्लॉग कल्पू या, कारण मराठीत या विषयावर भरपूर लिहिले जाते आणि जवळपास सगळे एकाच साच्याने फसते. समजा ब्लॉगावर चाळीस पोस्ट आहेत. त्यात ‘सातबारा ऑनलाइन कसा काढावा २०२१’ आहे, २०२२ आहे, २०२३ आणि २०२४ही आहे. ‘फेरफार म्हणजे काय’ आहे आणि ‘फेरफार नोंदीची प्रक्रिया’ही आहे. ‘वारस नोंद कशी करावी’ आहे, आणि आठ महिन्यांनी लिहिलेली ‘वडिलांच्या निधनानंतर सातबाऱ्यावर नाव कसे लावावे’ आहे. आठ-अ, पोटखराब, भोगवटादार वर्ग, ई-पीक पाहणी, जमीन मोजणी, गुंठ्याचे हेक्टर करणे अशा एकेक पोस्ट आहेत. शिवाय पीक विमा, शेततळ्याचे अनुदान, सोलर पंप आणि दिवाळीच्या शुभेच्छाही आहेत. यातली प्रत्येक पोस्ट लिहिताना लेखकाचे काही चुकलेले नव्हते. लोक जे विचारत होते ते तो लिहीत गेला. चूक साचत गेली ती अशी की एकाच प्रश्नाची उत्तरे तीन-तीन पानांवर पसरली.

एकाच गटाचे दोन सातबारे निघाले तर खरा कोणता हे ठरवायला जो घोळ होतो, तोच घोळ इथे शोधयंत्राचा होतो. ‘वारस नोंद’ शोधणाऱ्याला या ब्लॉगावरचे कोणते पान दाखवायचे हे गूगलला ठरवावे लागते. या आठवड्यात एक दाखवते, पुढच्या आठवड्यात दुसरे, आणि दोन्ही पाने दुसऱ्या-तिसऱ्या पानावर रेंगाळतात. बाहेरून आलेल्या लिंकाही दोघींत विभागल्या जातात. एका वकिलाने आपल्या साइटवर पहिलीचा पत्ता दिलेला असतो, गावच्या व्हॉट्सॲप गटात दुसरी फिरत असते. हे ओळखायला पैसे मोजून साधन घ्यायची गरज नाही. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्स अहवाल उघडायचा, ‘वारस नोंद’ या क्वेरीची चाळणी लावायची आणि शेजारचा ‘पेजेस’ हा टॅब पाहायचा. दोन-तीन पत्ते थोडे थोडे इम्प्रेशन घेऊन बसलेले दिसले, तर ती पाने एकमेकांच्या वाटेत आली आहेत असा दाट संशय घ्यायचा. मग दोन्ही पाने उघडून वाचायची. प्रश्न खरोखर वेगळे असतील तर दोन पत्ते दिसणे हा दोष नाही. पण बहुतेक वेळा ते वेगळे नसतात.

मराठीत हा दोष एका खास कारणाने बळावतो. एकच माणूस आज ‘सातबारा’ लिहितो, उद्या ‘७/१२’, परवा ‘7/12’ आणि घाईत असला की रोमन लिपीत ‘satbara utara’. प्रत्येक रूपासाठी निराळी पोस्ट लिहा, असा सल्ला एके काळी सर्रास मिळत असे, आणि तशा पोस्ट अजूनही ब्लॉगांवर पडून आहेत. शोधामागची गरज एकच असेल तर पानही एकच हवे. बाकीची रूपे त्याच पानाच्या मजकुरात जिथे स्वाभाविकपणे येतात तिथे आली की पुरे.

म्हणून पहिले काम तक्त्याचे. प्रत्येक पोस्टची एक ओळ. त्यात पत्ता, ती पोस्ट ज्या एका प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न पूर्ण वाक्यात, आणि सर्च कन्सोलनुसार लोक प्रत्यक्षात काय शोधून तिथे येतात ते. कन्सोल मागचे सोळा महिने दाखवतो, तेवढे पुष्कळ झाले. दुसरा रकाना भरतानाच निम्मे काम होते. दोन ओळींत एकच प्रश्न आला तर त्या पोस्ट एक करायच्या. एका ओळीत दोन प्रश्न आले तर पोस्ट फोडायची. प्रश्नच सुचत नसेल तर ती पोस्ट का लिहिली होती हे लेखकालाही सांगता येत नाही, आणि तिचे काय करायचे ते उघड आहे. आपल्या नमुन्यात वर्षवार चार पोस्टींची एक होते, फेरफाराच्या दोनांची एक आणि वारसाच्या दोनांची एक.

वर्षवार पोस्टींचे दुखणे थोडे निराळे आहे. शीर्षकात चालू साल दिसले की लोक क्लिक करतात हे खरे, म्हणून लेखक दर जानेवारीत नवी पोस्ट टाकतो. पण नवा पत्ता दरवेळी शून्यापासून सुरू होतो, आणि २०२१च्या पानाने मिळवलेल्या लिंका तिथेच अडकतात. त्यापेक्षा पत्ता सालाशिवायचा ठेवावा, साल फक्त शीर्षकात असू द्यावे आणि मजकूर खरोखर बदलला तेव्हाच ते बदलावे. चारांपैकी जिला बाहेरून सर्वाधिक लिंका आणि क्लिक आहेत तिचा पत्ता राखायचा, बाकी तिघींतला कामाचा मजकूर तिच्यात आणायचा आणि त्यांच्या पत्त्यांवरून ३०१ रीडायरेक्ट लावायचा. राखलेल्या पत्त्यातच ‘2021’ असेल तर तोही याच वेळी बदलून जुन्यावरून रीडायरेक्ट द्यावा. निरुपयोगी पोस्ट नुसत्या डिलीट करून सगळे पत्ते मुखपृष्ठाकडे वळवणे हा आळशी उपाय फुकट जातो. मृत्यूनंतरची नोंद शोधत आलेला माणूस मुखपृष्ठावर उतरला तर तो परत फिरतो, आणि गूगलही अशा असंबद्ध वळवणीला पान नाहीसे झाल्यासारखेच धरते.

पत्त्यांवरून एक गोष्ट सांगून टाकतो, कारण वर्डप्रेसवरच्या मराठी ब्लॉगांत ती हटकून सापडते. शीर्षकावरून पत्ता आपोआप देवनागरीत तयार होतो आणि त्याला दोनशे बाइटांची मर्यादा असते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, कानामात्रा धरून, पत्त्यात `%e0%a4%b8` असे नऊ अक्षरांचे होते. म्हणजे बावीस चिन्हांत जागा संपते. ‘सातबारा उतारा ऑनलाइन कसा काढावा’ आणि ‘सातबारा उतारा ऑनलाइन कसा दुरुस्त करावा’ या दोन्ही शीर्षकांचे पत्ते ‘कसा’पाशी तुटतात, आणि दुसऱ्याला निमूटपणे `-2` चिकटते. असे पत्ते असलेल्या ब्लॉगात कोणते पान कशाचे हे लेखकालाच कळेनासे होते. पत्ता हाताने, छोटा आणि रोमन अक्षरांत द्यावा. `/varas-nond/` एवढा पुरतो.

छाटणी झाली की कुंपण घालायचे. सातबाऱ्याच्या क्लस्टरमध्ये काय येते? माझी कसोटी अशी: हातात सातबारा घेऊन बसलेल्या माणसाला त्या कागदावरची एखादी नोंद समजण्यासाठी किंवा बदलण्यासाठी हे पान लागेल का? फेरफार क्रमांक कागदावरच असतो, म्हणून फेरफार आत. पोटखराब, भोगवटादार वर्ग, इतर हक्कांत बसलेला सोसायटीचा बोजा, कलम १५५ खालची लेखनचुकीची दुरुस्ती, हे सगळे आत. ई-पीक पाहणीही आत, कारण गाव नमुना बारा म्हणजे पिकांचीच नोंदवही. पीक विमा बाहेर. त्याच्या अर्जाला सातबारा लागतो हे खरे, पण तसा तो कर्जालाही लागतो आणि कोर्टातही लागतो. ‘संबंध आहे’ एवढ्यावर आत घेतले तर अख्खा महसूल विभाग क्लस्टरमध्ये येऊन बसेल.

आता पिलर पेज. इथे बहुतेकांचा पाय घसरतो तो विषय निवडताना. सर्वांत जास्त शोधला जाणारा शब्द घ्यायचा, म्हणजे ‘७/१२’, आणि त्यावर पिलर बांधायचे, असे साधे गणित असते. पण ‘७/१२’ एवढेच टाइप करणाऱ्या बहुतेकांना लेख वाचायचा नसतो, त्यांना सरकारचे महाभूलेख संकेतस्थळ हवे असते, आणि गूगल त्यांना ते देते. तिथे खासगी ब्लॉगाने धडपडण्यात अर्थ नाही. पिलर उभे राहते ते ‘सातबारा कसा वाचावा’ या प्रश्नावर. त्याचे उत्तर सरकारी संकेतस्थळ नीट देत नाही, आणि त्या उत्तरातून बाकीचे सगळे प्रश्न आपोआप फुटतात. पिलरचा विषय रुंद असावा हे बरोबरच, पण तो वाचून संपवता येईल असा प्रश्नही असावा.

ते पान दिसावे कसे हे एका परिच्छेदापुरते जवळून पाहू. वाचक वरून खाली सातबारा वाचत पोटखराब्याच्या ओळीपाशी येतो. पिलरने तिथे सांगावे की हे लागवडीस योग्य नसलेले क्षेत्र, त्यात ‘अ’ म्हणजे खडक, नाला अशा कारणांनी शेतीस अयोग्य आणि ‘ब’ म्हणजे रस्ता, पाणवठा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेले. दोन-तीन वाक्यांत त्याचे काम झाले, पुढची ओळ वाचायला तो मोकळा. ज्याला ‘अ’ वर्गाची जमीन सुधारून लागवडीखाली आणली तर नोंदीचे काय, असा प्रश्न आहे त्याच्यासाठी त्याच वाक्यात पोटखराब्याच्या पानाची लिंक. पिलरमधला प्रत्येक तुकडा असा स्वतःपुरता पुरा असावा आणि जिथे प्रश्न सर्वांचा न राहता काहींचा होतो तिथे थांबावा. पिलर म्हणजे लिंकांची यादी केली तर ते कोणी वाचत नाही, आणि सगळ्या पोस्टी त्यात ओतून आठ हजार शब्द केले तर पुन्हा तोच घोळ. ‘वारस नोंद’ शोधल्यावर मग वारसाचे पान न येता पिलर येऊ लागते, तेही खालच्या क्रमांकावर. कन्सोलमध्ये हे दिसले तर पिलरचा तो भाग आखडता घ्यायचा आणि वारसाचे पान भरदार करायचे. उलट करून पाहणारे असतात, पण त्यातून पिलर फुगतच जाते. आणि पिलर शेवटी लिहावे असे मी म्हणतो ते यासाठीच. आजूबाजूची पाने कुठवर जातात हे ठरल्याशिवाय पिलरने कुठे थांबायचे हे कळत नाही.

लिंकांबद्दल थोडक्यात. प्रत्येक पानाने सुरुवातीच्या दोन परिच्छेदांत पिलरकडे बोट दाखवावे, पिलरने प्रत्येकाकडे. आडव्या लिंका मात्र वाचकाचा पुढचा प्रश्न असेल तिथेच. वारसाचे पान सांगते की मृत्यूचा दाखला जोडून अर्ज करायचा, ग्राम महसूल अधिकारी गाव नमुना सहा-क मध्ये नोंद घेतो, मंडळ अधिकाऱ्याने वारस ठरवले की फेरफार टाकला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. इथे वाचकाच्या मनात येते की भावाने हरकत घेतली तर? त्या ठिकाणी ‘हरकत आल्यावर फेरफाराचे काय होते’ या शब्दांवर फेरफाराच्या पानाची लिंक हवी. गुंठ्यांच्या पानाची तिथे गरज नाही. तळाशी ‘हेही वाचा’ म्हणून बारा शीर्षके लटकवणाऱ्या प्लगइनला हे कळत नाही. ‘येथे क्लिक करा’ या शब्दांवरून पलीकडे काय आहे हे ना वाचकाला कळते ना यंत्राला.

आक्षेप येतील, त्यातले दोन वजनदार आहेत. पहिला असा की हे सगळे वर्डप्रेसची कॅटेगरी करतेच की. करत नाही. कॅटेगरीचे पान पोस्टी तारखेने लावते, नवी वर आणि जुनी तळाला, त्यामुळे ‘सातबारा म्हणजे काय’ ही सर्वांत आधी लिहिलेली आणि सर्वांत आधी वाचायची पोस्ट चौथ्या पानावर जाते. एकाच प्रश्नाच्या तीन पोस्टी कॅटेगरीत सुखाने नांदतात, तिला त्याचे काही नसते. कॅटेगरी ठेवायला हरकत नाही, पण ती गोदामाची पाटी आहे एवढे ध्यानात असावे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. क्लस्टरचा डंका वाजवणाऱ्या हबस्पॉटच्याच ब्लॉगाची शोधातून येणारी वाचकसंख्या मोठ्या प्रमाणात घसरल्याचे बाहेरच्या मोजणी साधनांचे अंदाज २०२५ च्या सुरुवातीला गाजले. मग पद्धतीत दम काय राहिला? घसरणीचे कारण कंपनीबाहेरच्या कोणाला खात्रीने सांगता येणार नाही. पण तेव्हाच्या चर्चेत ज्या पानांकडे बोट दाखवले गेले ती राजीनाम्याचे नमुने, सुविचार, इमोजी असल्या विषयांची होती, म्हणजे कंपनीच्या मूळ कामापासून पार दूरची. हे निदान बरोबर असेल तर त्यातून कुंपणाचाच मुद्दा पुढे येतो. निदान चूक असेल तरी माझ्या म्हणण्याला फारसा धक्का लागत नाही, कारण एका प्रश्नाला एकच पान असण्याचा फायदा गूगलच्या मर्जीवर टांगलेला नाही. २०२४ मध्ये तलाठ्याचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले. ज्याच्या ब्लॉगावर फेरफाराची पद्धत पाच पोस्टींत सांगितलेली होती त्याला पाच ठिकाणी दुरुस्ती करावी लागली. व्यवहारात ती दोन ठिकाणी होते आणि तीन राहतात. फी बदलते, संकेतस्थळाचा पत्ता बदलतो, एखाद्या कलमाखालचे अधिकार बदलतात. जमिनीच्या कागदांबाबत जुनी माहिती वाचून माणूस तालुक्याला खेपा घालतो, तिथे पसाऱ्याची किंमत वाचक मोजतो.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. आठ-दहा पोस्टींच्या ब्लॉगाला क्लस्टरची गरज नाही. ललित लिहिणाऱ्याने तर या भानगडीत पडूच नये, त्याच्या लेखांना एकेक प्रश्न चिकटवणे हास्यास्पद होईल. बाहेरून कोणीच लिंक देत नसेल तर आतली मांडणी कितीही नेटकी केली तरी तेवढ्याने क्रमांक हलणार नाही, कारण वाटायलाच काही नाही. आणि निकाल लगेच दिसत नाही. रीडायरेक्ट गूगलच्या नोंदीत मुरायला काही आठवडे जातात आणि त्या काळात आकडे खालीही येतात. तेव्हा घाबरून सगळे पूर्ववत करणारे लोक असतात. तुलना मागच्या महिन्याशी न करता गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, कारण सातबाऱ्याची शोधाशोध खरिपाच्या पीककर्जाच्या दिवसांत आपोआप वाढते आणि ती वाढ आपल्या कष्टाची समजून फसायला होते. एका वेळी एकच क्लस्टर हाती घ्यावा, ब्लॉगाचा दुसरा विषय तसाच ठेवावा, म्हणजे फरक कशाने पडला याचा निदान अंदाज तरी येतो.

राहता राहिल्या कुंपणाबाहेरच्या पोस्टी: पीक विमा, शेततळे, सोलर पंप. त्यांना ओढूनताणून सातबाऱ्याच्या पिलरशी जोडायचा मोह होतो, पण तो आवरावा. शेतीच्या योजनांवर पुढेमागे आणखी लिहायचे असेल तर तो स्वतंत्र क्लस्टर होईल आणि आजच्या तीन पोस्टी त्याची सुरुवात ठरतील. लिहायचे नसेल तर ज्यांना अजून वाचक येतो त्या माहिती ताजी करून एकट्याच राहू द्याव्यात, आणि ज्यांची योजनाच बंद झाली त्यांच्या माथ्यावर तसे स्पष्ट लिहावे. दिवाळीच्या शुभेच्छा मात्र खुशाल डिलीट कराव्यात, त्यांना रीडायरेक्टही नको.